थूच्या आजोबांच्या तिथीचं निमंत्रण

सप्टेंबर आला की आयर्लंडमधल्या कुंपणांवर ब्लॅकबेरी काळ्याभोर होतात. शाळेच्या गणवेशातली मुलं त्या तोडून खातात आणि जांभळ्या बोटांनी बसमध्ये चढतात. ऊन खूप खालून, तिरपं येतं आणि आठ वाजेपर्यंत रेंगाळणारी संध्याकाळ हळूहळू सातवर येऊन थांबते. या दिवसांत माझ्या मनात उदबत्तीचा वास येतो. तो आमच्या घरातल्या चंदनी उदबत्तीचा नसतो. त्याहून कोरडा, दालचिनीसारखा, लाकडी असा तो वास, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या एका छोट्या घराच्या बैठकीतला. आता मी ॲडम्सटाउनला राहते, स्टेशनासमोरच्या नव्या इमारतीत. आज सकाळी गाडीची वाट पाहताना हवेत तसाच गारवा होता, आणि मला चार वर्षांपूर्वीचा तो सप्टेंबर आठवला.

तेव्हा मी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भाषांत बसवण्याचं काम करत असे. स्क्रीनवर अक्षरं नीट उमटतात का, कुठे तुटतात का, हे पाहायचं आणि चुकांची नोंद करायची. व्हिएतनामी भाषा माझ्याकडे आली तेव्हा ती मला वाचता येत नव्हती, आजही येत नाही. पण तिच्या अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा मला पाठ होत्या. कधी छप्पर, छपरावर लाट, कधी खाली टिंब. अशी दुमजली अक्षरं चौकटीत मावत नसत, वरचा मजला कापला जाई. ‘खूण कापली गेली’ असं मी दिवसातून वीस वेळा लिहीत असे. त्या खुणांचा अर्थ काय हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या खुणा बरोबर आहेत की नाही हे सांगायला थू होती, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. लहानपणी आईवडील आणि आजीआजोबांबरोबर ती बोटीतून निघाली होती, आणि कुठल्या कुठल्या छावण्यांतून इथे पोचली होती. तिचं इंग्रजी पक्कं डब्लिनचं. व्हिएतनामी ती बोलायची, अडखळत वाचायची, पण लिहायची वेळ आली की गप्प व्हायची. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, “मधू, एक काम आहे. ऑफिसचं नाही. नाही म्हणालीस तरी ग्रँड, काही हरकत नाही.”

काम असं होतं. तिच्या आजोबांची तिथी जवळ आली होती. त्यांच्या भाषेत त्या दिवसाला ‘यो’ म्हणतात. माणूस गेला ती तिथी, दरवर्षी. त्या दिवशी घरात जेवण करायचं, गेलेल्या माणसाला वाढायचं आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. एरवी थूचे बाबा आप्तेष्टांच्या घरी जाऊन तोंडी बोलावून येत. रीतच तशी, स्वतः जाऊन बोलवायचं. पण या वर्षी आजीने कागदावर निमंत्रण हवं असा हट्ट धरला होता. लोक पांगले होते. कुणी कॉर्कला, कुणी गॉलवेला. आणि एक जण एनिसला. त्या एकाचं नाव घेताना थूचा आवाज जरा बदलला.

“आजी सांगेल, तू टाइप कर,” थू म्हणाली. “मला त्या खुणा जमत नाहीत, बाबांनाही जमत नाहीत. आजी गावात शाळेत शिकवायची, चूक झाली तर ती मला आत्ताही उभं करेल.”

शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन थूच्या ब्लँचर्डस्टाउनच्या घरी गेले. आजी खिडकीपाशी बसली होती. पायांवर लोकरीची शाल, मोतीबिंदूने दुधाळ झालेले डोळे. मी आत आल्यावर तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला. भिंतीलगत उंच कपाटावर पूजास्थान होतं. मधोमध आजोबांचा फोटो, दोन्ही बाजूंना दिवे, फळांची थाळी, आणि फोटोसमोर राखेने भरलेलं चिनी मातीचं भांडं. त्यात जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या लाल काड्या गवतासारख्या दाट उभ्या होत्या. आजोबा फोटोतून सरळ समोर पाहत होते.

मी हौसेने घरूनच एक नमुना करून नेला होता. आपल्या पत्रिकेसारखा लाल काठ, वर सोनेरी वेलबुट्टी. थूने तो आजीला वर्णन करून सांगितला. आजी हसली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली की लाल कागद लग्नाला. गेलेल्याचं निमंत्रण साध्या कागदावर, काळ्या शाईत. मी काठ पुसून टाकला.

मग ती सांगू लागली. एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्दाची खूण, कारण बऱ्याच खुणा म्हणजे शब्दाचे सूर, आणि सूर बदलला की अर्थच बदलतो. बोटाने हवेत चढता, उतरता, वळता, तुटता, खाली दाबलेला असे सूर काढून दाखवी. मी टाइप करी, थू अर्थ सांगे. पहिल्याच ओळीत थूकडून चूक झाली. ‘गेले’ म्हणण्यासाठी तिने लहानपणी शिकलेला सरळ शब्द सुचवला. आजीने मान हलवली. तो शब्द मासळीसाठी. आजोबांसाठी ‘हरवले’ म्हणतात. आमच्याकडे कुणाला ‘मेले’ म्हणता येत नाही, ‘गेले’, ‘वारले’ म्हणतात, असं मी थूला सांगितलं. तिने ते आजीला सांगितलं, तेव्हा आजीने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिल्यासारखं केलं.

आजोबांचं नाव घालायची वेळ आली तेव्हा आजी थांबली. तिने ते उच्चारलं नाही. मोठ्यांचं नाव तोंडाने घेत नाहीत, आणि नवऱ्याचं तर नाहीच. तिने माझ्या तळहातावर बोटाने ते लिहिलं, अक्षर अक्षर. तिच्या बोटाची गार, हलकी चाल मला अजून आठवते.

निमंत्रणाचा मजकूर तयार झाला, तो मराठीत साधारण असा होता. आमचे आजोबा आम्हाला हरवून आठ वर्षं होत आहेत. आठव्या चांद्रमासाच्या तेविसाव्या दिवशी त्यांची तिथी आहे. तो दिवस कामाचा येत असल्याने आधीच्या रविवारी आम्ही घरी एक साधंसं, थोडकं जेवण योजलं आहे. आपण आपल्या कामांतून थोडा वेळ काढून यावं, आजोबांना एक उदबत्ती लावावी आणि आमच्यासोबत चार घास घ्यावेत. आपल्या येण्याने आमच्या घराला ऊब येईल. आमच्याकडून काही उणं राहिलं तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

“साधंसं, थोडकं जेवण,” थू म्हणाली, “म्हणजे आई तीन दिवस स्वयंपाक करणार आहे.”

मला त्यातल्या दोन गोष्टींनी थक्क केलं. एक म्हणजे ती तिथी. मी मनात मोजलं. त्यांचा महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपलाही. पंधरावा दिवस पौर्णिमा. म्हणजे तेविसावा दिवस वद्य अष्टमी, आणि त्या वर्षी तो महिना भाद्रपद होता. थूचे आजोबा पितृपक्षात गेले होते. एकमेकांपासून इतक्या दूरच्या देशांतली दोन माणसं त्याच चंद्रावरून आपापल्या माणसांचे दिवस मोजत होती, आणि मी तीन वर्षं तिच्या शेजारी बसत असून हे मला ठाऊक नव्हतं. तिथी पुढे ढकलत नाहीत, आधी घेतलेली चालते, हेही थूने सांगितलं. गेलेल्याला जेवणासाठी ताटकळत ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘आपण’. मजकुरात ‘आपण’ असा एकच शब्द नव्हता. समोरचा वयाने बाबांहून मोठा की धाकटा, नात्याने काका की भाचा, त्यावर तो शब्द बदलत होता, आणि त्याबरोबर बोलवणाऱ्याचं स्वतःचं नावही. एकाच मजकुराचे मला अकरा कागद वेगळे करावे लागले. आजीने अकराही घरं वयाच्या क्रमाने सांगितली, एकही न चुकता. माझाही कागद त्यात होता. त्यात मला ‘मुली’ असं म्हटलं होतं.

अकरा झाले. बारावा राहिला.

एनिसचा. थूचे मोठे काका. घरातल्या थोरल्या मुलाला दक्षिण व्हिएतनाममध्ये ‘हाय’ म्हणतात, म्हणजे दोन. पहिला क्रमांक कुणालाच देत नाहीत, का ते नक्की कुणाला सांगता येत नाही. म्हणून धाकट्या भावासाठी तो ‘अन् हाय’, दोन नंबरचा दादा. आजोबा गेले तेव्हा हे काका व्हिएतनामला, बायकोच्या माहेरी गेले होते. निरोप मिळताच निघाले. पण इथे आयर्लंडमध्ये अंत्यविधी तिसऱ्या दिवशी उरकतात. थूच्या बाबांनी थांबवायचा प्रयत्न केला नाही, किंवा केला तो पुरेसा नव्हता, यावर घरात दोन मतं होती. थोरला मुलगा विमानतळावरून आला तेव्हा बाप मातीखाली होता. थोरल्याने पुढे उभं राहायचं, पहिली उदबत्ती त्याची, सगळं त्याचं. ते धाकट्याने केलं होतं. थोरला दारातून परत फिरला, आणि आठ वर्षांत या घरी आला नव्हता. रीतीप्रमाणे तिथी त्याच्या घरी व्हायला हवी होती, पण पूजास्थान आजीपाशी, आणि आजी इथे. दरवर्षी कुणाकरवी तरी निरोप जाई की रविवारी आहे. तो येत नसे.

हे थूने मला स्वयंपाकघरात, कपबशा पुसता पुसता सांगितलं. मी ऐकत राहिले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझे बाबा नागपुरात गेले होते. त्रेचाळीस अंशांचं ऊन होतं. मी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता आणि दादाने सगळं केलं होतं. ऊन होतं, थांबता येत नव्हतं, हे मला कळत होतं. कळत असूनही मी दादाशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. दरवर्षी पितृपक्षात तो बाबांचं श्राद्ध करी आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगे, झालं बरं का. मी बरं म्हणे.

आम्ही बाहेर आलो तेव्हा थूचे बाबा भाजीची पिशवी घेऊन आले होते. बुटके, शांत, केस अगदी बारीक कापलेले. आजीने त्यांना बसायला सांगितलं आणि बारावा कागद त्यांनी सांगावा असं म्हणाली.

“तोच पाठवा,” ते म्हणाले. थूने त्यांचं बोलणं मला हळूच इंग्रजीत सांगितलं. “अकरांना जो, तोच बाराव्याला.”

आजी म्हणाली, “तो पाहुण्यांचा आहे.”

ते पिशवीतून कारली काढून टेबलावर एका रांगेत लावत राहिले. आजोबांना खीमा भरलेल्या कारल्यांची आमटी आवडायची, नंतर मला कळलं. शेवटी ते बोलू लागले, माझ्याकडे न पाहता, कारल्यांकडे पाहत. थू आवाज उतरवून सांगत होती. अन् हाय, मी तुम्हाला कळवतो की अमक्या दिवशी बाबांची तिथी आहे. तुम्ही वेळ काढून हजर राहावं.

आजीने बोट वर केलं. “हजर राहावं नाही,” ती म्हणाली. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत, थूने समजावलं. एक ‘देन’, म्हणजे एखाद्या ठिकाणी येऊन हजर राहणं. पाहुणे तसे येतात. दुसरा ‘वे’, म्हणजे आपल्या घरी परत येणं. भावाला ‘देन’ लिहिलं तर तो पाहुणा. त्याला आमंत्रणही द्यायचं नसतं, स्वतःच्या बापाच्या जेवणाला कुणी आमंत्रण घेतो का. पण काहीच न लिहिणं हा त्याहून मोठा अपमान.

“मग काय लिहू?” थूचे बाबा म्हणाले.

“विनंती कर,” आजी म्हणाली. “वे. आणि उभं राहायला सांग.”

त्यावर ते उठले आणि खिडकीपाशी गेले. बाहेर शेजाऱ्यांची पोर सायकल चालवत होती. त्यांच्या पाठीवर ऊन पडलं होतं. मला वाटलं, हे इथेच संपणार. पण ते वळले, परत बसले आणि एका दमात बोलले. थू सांगत गेली तसतशी मी टाइप करत गेले.

अन् हाय, मान राखून सांगतो. बाबांची तिथी आहे. आई म्हातारी झाली आहे. आपण घरी परत यावं, बाबांना पहिली उदबत्ती आपण लावावी आणि पूजेला आपण पुढे उभं राहावं. मी तुमच्या मागे उभा राहीन. तेव्हा मी थांबलो नाही, ते माझ्या मनात आहे.

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. आजीने कुठलीच दुरुस्ती सांगितली नाही.

मी छापील कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग ते हसले, पहिल्यांदाच. मी ‘वे’वर छप्पर द्यायला विसरले होते आणि त्याच्याऐवजी एक चढती रेघ दिली होती. त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ ‘तिकीट’ होत होता. भावाने घरी तिकीट यावं, असं लिहिलं गेलं होतं. ते थूला काही म्हणाले. थू म्हणाली, “बाबा म्हणतात, एनिसहून येताना तिकीट लागतंच, फार चुकलं नाही.”

मी ऑफिसात हजार वेळा ‘खूण कापली गेली’ असं लिहिलं होतं. कापल्या गेलेल्या त्या छपराखाली कुणाचं घर असू शकतं, हे मला त्या दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

मी चूक सुधारली. पण छापलेला कागद त्यांनी पाकिटात घातला नाही. दादाला छापील पाठवत नाहीत, असं म्हणून त्यांनी पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर तो मजकूर उतरवू लागले, माझ्या कागदावरची एकेक खूण बघून. ‘यो’ या शब्दावर त्यांचा हात थबकला. दक्षिणेकडच्या लोकांच्या बोलण्यात वळता आणि तुटता सूर एकच वाटतो, त्यामुळे लिहिताना खूण चुकते. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली होती, वडिलांबरोबर मासे धरायला जायला. त्यांनी तो शब्द तीनदा कच्च्या कागदावर गिरवला आणि मग नीट लिहिला. पाऊण तास लागला. पाकीट आजीच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी. तिने ते तसंच परत त्यांना दिलं, की आता टाक पोस्टात.

एनिसहून उत्तर आलं नाही.

त्या रविवारी मी सफरचंदं आणि चहाचा डबा घेऊन गेले. असं काहीतरी न्यायचं आणि ते आधी पूजास्थानावर ठेवायचं, हे थूने सांगितलं होतं. बैठकीतलं सामान भिंतींना सरकवलं होतं. पूजास्थानापुढच्या टेबलावर जेवण मांडलेलं होतं. उकडलेली अख्खी कोंबडी, नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, तळलेले रोल, चिकट भात, कारल्याची आमटी. आणि आजोबांसाठी वाट्या, चॉपस्टिक्स, दारूचे तीन इवले पेले. सगळं खऱ्या जेवणासारखं, खऱ्या माणसासाठी. वाटीत गरम भात, वाफ येणारा. जेवणाच्या त्या थाळ्यांपुढे एक खुर्ची ठेवली होती, रिकामी.

बारा वाजता सुरू व्हायचं होतं. साडेबारा झाले. लोक बोलत होते, पण हळू आवाजात. थूचे बाबा पांढऱ्या शर्टात पूजास्थानापाशी उभे होते. हातात उदबत्तीचं पुडकं, फोडलेलं पण पेटवलेलं नाही. कॉर्कच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुचवलं की आता तूच लाव. ते म्हणाले, “आणखी थोडं.” थूची आई दोनदा भात बदलून गेली, गार झाला म्हणून. आजी डोळे मिटून बसली होती. मला ते पुडकं बघवेना. नागपूरच्या त्या उन्हात दादाही असाच, काही न पेटवता, माझी वाट पाहत उभा राहिला असेल का, असं मनात आलं. तो विचार माझ्या मनात पहिल्यांदाच आला होता.

एक वाजून दहा मिनिटांनी फाटकाचा आवाज झाला.

अन् हाय उंच होते. थूच्या बाबांहून डोकंभर उंच, आणि चेहरा अगदी फोटोतल्या आजोबांचा. त्यांच्या अंगात काळा सूट होता, एका हातात पिशवी. दारात बूट काढताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. सगळे उभे राहिले. ते सरळ आजीपाशी गेले आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. आजीने त्यांचा चेहरा हातांनी चाचपला. डोळे, नाक, कान. ती काय बोलली ते थूने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग ते पूजास्थानापाशी आले. थूचे बाबा बाजूला सरकले आणि दोन्ही हातांनी उदबत्तीचं पुडकं पुढे केलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल नसेल. अन् हायनी ते लगेच घेतलं नाही. आधी त्यांनी पिशवीतून मुरंब्याची एक काचेची बरणी काढली. आत राखाडी, बारीक राख होती, काठोकाठ.

“बाबांची,” ते म्हणाले.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि थूने ते माझ्यासाठी तसंच थोडक्यात केलं. एनिसच्या खोलीत, एका हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या वर, त्यांनी आठ वर्षं रोज संध्याकाळी एकट्याने बापाला उदबत्ती लावली होती. फोटो नव्हता. एक वाटी होती, आणि ही त्यातली राख.

त्यांनी बरणीतली राख मोठ्या भांड्यात ओतली. अशी रीत आहे का, मला माहीत नाही. थूलाही माहीत नव्हतं. धूळ उडाली आणि तिरप्या उन्हात तरंगत राहिली. इकडच्या आठ वर्षांच्या राखेत तिकडची आठ वर्षांची राख मिसळली, आणि कुणालाही आता ती वेगळी करता येणार नव्हती. मी भिंतीला टेकून उभी होते.

मग त्यांनी तीन उदबत्त्या पेटवल्या, कपाळापाशी धरल्या आणि बोलू लागले. गेलेल्यालाही बोलवावं लागतं. बाबा, आज तुमची तिथी. आम्ही भाऊ, सुना, नातवंडं जमलो आहोत. घरी या, जेवा. त्यांनी ‘वे’ म्हटलं. मला कळत असलेला तो एकुलता एक शब्द, त्या लांबलचक वाक्यांतून मला लख्ख ऐकू आला. पत्रात भावाला जे म्हटलं होतं, तेच इथे बापाला. त्यांनी चार वेळा जमिनीवर डोकं टेकलं. त्यांच्या मागे, एक पाऊल मागे, थूच्या बाबांनी. मग सगळ्यांनी, वयाच्या क्रमाने. माझी पाळी आली तेव्हा थूने एक उदबत्ती माझ्या हातात दिली. मी नमस्कार केला. मला आजोबांना काय म्हणावं ते सुचेना, म्हणून मराठीत मनातल्या मनात म्हटलं, मी मधुरा, थूच्या शेजारी बसते.

उदबत्त्या बऱ्याच खाली येईपर्यंत कुणी जेवणाला हात लावत नाही. तोवर गेलेला माणूस जेवत असतो. तो अर्धा तास लोक कमालीच्या शांतपणे बसले होते, जसे घरात कुणी मोठं माणूस जेवत असताना बसतात. अन् हायनी तीनदा पेल्यांत दारू ओतली. मग मागच्या अंगणात एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कागदाचे कपडे आणि कागदाच्या नोटा जाळल्या, आजोबांना तिकडे लागतात म्हणून. शेजारच्या कुंपणावरून एका आयरिश बाईने डोकावून विचारलं, “सगळं ठीक ना?” थूचे बाबा म्हणाले, “वडिलांचा दिवस आहे.” तिने छातीवर क्रॉस काढला आणि हळूच आत गेली.

मग जेवण खाली आलं. बसल्यावर लगेच सुरुवात झाली नाही. लहानांनी आधी मोठ्यांना बोलवायचं असतं. थूने प्रत्येकाला वयाच्या क्रमाने म्हटलं, आजी जेवा, काका जेवा, बाबा जेवा. माझ्या कागदावरचा ‘मोय’ हा बोलवण्याचा शब्द त्या टेबलावर पुन्हा पुन्हा फिरत राहिला. दोघे भाऊ शेजारी बसले होते. फारसं बोलले नाहीत. एकदा अन् हायनी आमटीतलं कारलं धाकट्याच्या वाटीत घातलं, आणि त्याने ते खाल्लं. निघताना थूच्या आईने प्रत्येकाला पूजास्थानावरची फळं आणि चिकट भात पानात बांधून दिला. तो घरी न्यायलाच हवा, कारण त्यात आजोबांचा आशीर्वाद असतो. पुढच्या वर्षी तिथी एनिसला होईल, असं आजीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आणि ती तशी झालीही.

त्या रात्री माझ्या घरी, स्वयंपाकघरात उभी असताना मला कळलं की आपल्या बाबांना जेवायला बोलवावं असं मी म्हटलं, तर काय करायचं तेच मला ठाऊक नाही. त्यांना चहा साखरेचा कमी लागे, पेपर वाचताना कुणी बोललेलं चालत नसे, हे मला माहीत होतं. पण ताटात काय आलं की ते दुसऱ्यांदा वाढून घेत? वीस वर्षं मी त्यांच्या समोर बसून जेवले होते.

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मी नागपूरला फोन लावला. दादाने उचलला. तिकडे दुपार होती, पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

“दादा, बाबांची तिथी या आठवड्यात ना?”

“हो, रविवारी. एकादशीला,” तो म्हणाला. त्याचा आवाज सावध झाला. “का गं?”

“काय काय करतोस तू? म्हणजे जेवायला.”

तो सांगू लागला. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं रीतीप्रमाणे. “आणि आई भोकराचं लोणचं आठवणीने वाढते,” तो म्हणाला. “बाबा त्याशिवाय जेवायचे नाहीत. तुला नाही आठवत?”

“नाही,” मी म्हणाले. “दादा, त्या दिवशी तू थांबला होतास का? मी यायच्या आधी.”

“सकाळी सातपासून दोनपर्यंत,” तो म्हणाला. “बर्फ मागवला होता. मग लोक म्हणाले, आता नाही. मी तुला सांगणार होतो, पण तू कधी विचारलं नाहीस, आणि मला वाटलं, सांगितलं तर सफाई दिल्यासारखं होईल.”

मी खिडकीतून बाहेर पाहत होते. बसला उशीर झाला होता, आणि रांगेतले लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

“पुढच्या वर्षी,” मी म्हणाले, “झाल्यावर कळवू नकोस. आधी बोलाव मला.”

“तुला काय बोलवायचं,” दादा म्हणाला. “घर तुझं आहे.” आणि थोड्या वेळाने, अवघडून, पण नीट ऐकू येईल असं म्हणाला, “मधू, पुढच्या वर्षी बाबांच्या तिथीला घरी ये.”